दोन दुकानांत ज्वारीच्या दराची चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सोलापुरात दोन किराणा दुकानं आहेत. एक टिळक चौकाच्या बाजूला पेठेत, वडिलांच्या काळापासूनचं. दुसरं जुळे सोलापुरात, अलीकडच्या वस्तीत. जून ते सप्टेंबर असे चार महिने आम्ही सुट्या ज्वारीचा दर दोन्हीकडे मुद्दाम वेगळा ठेवून पाहिला. तेव्हापासून ओळखीचे दुकानदार येता-जाता तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. किलो आणि रुपयांचे आकडे आमच्याच वहीतले आहेत.

नेमकं काय शोधायचं होतं?

ज्वारीचा दर किलोमागे चार रुपयांनी वाढवला तर आमच्या दुकानातला खप किती घटतो, एवढंच. "ज्वारी महागली तर लोक भाकरी खाणं सोडतात का" हा प्रश्न वेगळा आहे. सोलापुरात भाकरी कुणी सोडत नाही. चार रुपयांनी तर नाहीच. पण भाकरी सुटत नसली तरी दुकान सुटतं. समोरच्या फळीवर तीच ज्वारी दोन रुपयांनी कमी असेल, तर पिशवी तिकडे जाते. त्यामुळे ज्वारीसारख्या रोजच्या धान्याची मागणी गावभर मोजली तर दराला फारशी दाद देत नाही, आणि एका दुकानापुरती मोजली तर चांगलीच हलते. वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात दिसणारा आकडा बहुतेक पहिल्या प्रकारचा असतो. दुकानदाराला दुसरा लागतो, आणि तो स्वतःच्या काट्यावरच मिळतो.

ज्वारीच का निवडली? साखर किंवा तेल का नाही?

पाकिटावर छापील किंमत असते आणि तिच्यावर विकता येत नाही. त्यामुळे तेलाच्या पिशवीचा किंवा पाकीटबंद पिठाचा दर वर नेऊन बघण्याला मर्यादा येते. सुट्या ज्वारीचा दर आपणच पाटीवर लिहितो.

दुसरं कारण आमच्या जिल्ह्याचं. इथं गिऱ्हाइकाला ज्वारी कळते. मूठभर दाणे तळहातावर घेऊन टपोरेपणा आणि चकाकी बघितल्याशिवाय मावशी पुढं बोलत नाहीत. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून "मंगळवेढ्याची आहे का?" हा प्रश्न फळीवर ठरलेला आहे. ज्या वस्तूचा दर घरोघरी तोंडपाठ असतो, त्याच वस्तूवर दराची खरी परीक्षा होते. हळदीचा दर पाच रुपयांनी वाढवला तर महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

एकाच दुकानात दर वाढवून आधीच्या महिन्याशी तुलना केली तर चालणार नाही?

आधी तेच केलं होतं आणि फसलो. एका वर्षी पेठेतला दर मार्चमध्ये वाढवला. खप बराच पडला आणि आम्ही घाबरून दर खाली आणला. नंतर लक्षात आलं की फेब्रुवारी-मार्चपासून रब्बीची नवी ज्वारी निघते, घरोघरी वर्षाची पोती भरली जातात, शेतावरनं पाहुण्यांकडून येतात. त्या दिवसांत किलोकिलोनं घेणारं गिऱ्हाईक दर वाढवला काय, न वाढवला काय, कमीच होतं.

दुसरं दुकान असलं की असल्या गोष्टी दोघांवर सारख्याच पडतात. सण, पाऊस, नवा हंगाम, उपवासाचे दिवस, सगळं दोन्हीकडे. फरक फक्त आपल्या दराचा उरतो.

पण दोन्ही दुकानं सारखी नाहीत. पेठेतलं गिऱ्हाईक वेगळं, जुळे सोलापुरातलं वेगळं. मग तुलना कशी?

सारखी असण्याची गरज नाही. दोघांचं एकमेकांशी प्रमाण टिकून असायला हवं. पेठेत महिन्याला दीड हजार किलोच्या आसपास जाते, जुळे सोलापुरात अकराशे. किलोंची तुलना करायची नाही. पेठेच्या खपाला जुळे सोलापूरच्या खपानं भागायचं आणि तो भागाकार पाहत राहायचं. दर सारखा असताना तो आठवड्यामागून आठवडा १.३७ ते १.४१ यांच्यात राहिला, तर दुकानं तुलनेला योग्य. तो १.१ वरून १.६ वर उड्या मारत असेल, तर चाचणी सुरूच करू नका. काहीही निष्कर्ष निघणार नाही.

एक अट मात्र पाळा. दुकानं एकमेकांपासून लांब हवीत. एकाच गल्लीच्या दोन टोकांना असतील, तर महागातलं गिऱ्हाईक तुमच्याच स्वस्तातल्या दुकानात जाईल. एकीकडे घट, दुसरीकडे वाढ, आणि दराचा परिणाम दुप्पट दिसेल.

वेळापत्रक कसं आखलं?

चार महिने, चार टप्पे. जूनमध्ये दोन्हीकडे ४८ रुपये. जुलैत पेठेत ५२, जुळे सोलापुरात ४८. ऑगस्टमध्ये उलटं: पेठेत ४८, जुळे सोलापुरात ५२. सप्टेंबरमध्ये पुन्हा दोन्हीकडे ४८.

महिना हेच माप घेतलं, कारण आमचं निम्मं गिऱ्हाईक महिन्याचा किराणा भरतं आणि पहिल्या आठवड्यात काटा उसंत घेत नाही. प्रत्येक महिन्याचे सात-सात दिवसांचे चार भाग पाडले: १ ते ७, ८ ते १४, १५ ते २१, २२ ते २८. प्रत्येक भागात सोमवार ते रविवार सगळे वार एकेकदा येतात, त्यामुळे शनिवारी पगार होणारे कारखान्याचे कामगारही प्रत्येक भागात सारखेच पडतात. २९ तारखेपासूनचे उरलेले दिवस हिशोबात धरलेच नाहीत. दर बदलायचा तो २९ ला. दोन-तीन दिवसांत पाटी लोकांच्या नजरेला येते, आणि "आजच घेऊन ठेवा" किंवा "उद्या बघू" अशी जी धांदल होते, ती या गाळलेल्या दिवसांत जिरून जाते.

जानेवारी मी टाळला असता. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत शहरात बाहेरची माणसं येतात आणि पेठेतल्या गर्दीचं माप जुळे सोलापुरापेक्षा निराळंच होतं. सण दोन्ही दुकानांवर सारखा पडत असेल तर हरकत नाही. एकावरच पडत असेल तर तो महिना सोडा.

कोणत्या गोष्टी बदलू द्यायच्या नाहीत?

माल. हे सगळ्यात आधी. उन्हाळ्यातच एका व्यापाऱ्याकडून एकाच लॉटची सव्वाशे क्विंटल मालदांडी घेऊन ठेवली आणि दोन्ही दुकानांना त्याच थप्पीतली पोती गेली. मध्येच दुसरा लॉट आला असता आणि दाणा बारीक निघाला असता, तर खप दरानं पडला की दाण्यानं, हे कुणीच सांगू शकलं नसतं. खरेदी आधीच झाल्यामुळे आमचा खर्चही चार महिने एकच राहिला: हमाली, सफाई, तूट धरून किलोला ४३ रुपये. अर्थात पोती साठवायची म्हणजे पैसा अडकतो आणि किडीवर डोळा ठेवावा लागतो, हे धरून चाला.

ज्वारीची जागा, पाटीचा आकार, दुकानाची वेळ, घरपोच देण्याची पद्धत, यांतलं काही बदललं नाही. गहू, बाजरी आणि तांदूळ यांचे दरही दोन्हीकडे सारखे ठेवले, कारण ज्वारी महाग झाली की काही घरं आठवड्यातले दोन दिवस चपातीवर जातात आणि ते आपल्याला दिसायला हवं.

नोंद कशी ठेवली?

रोज रात्री प्रत्येक दुकानाची एकच ओळ: ज्वारी किती किलो गेली, किती बिलांत गेली, ज्वारीचे किती रुपये आले. आणि आठवड्यातून एकदा, बुधवारी, आसपासच्या तीन दुकानांतला ज्वारीचा दर. पोरगं चहाला जाताना पाटी वाचून यायचं. शेजाऱ्यानं नेमका त्याच महिन्यात दर पाडला तर ते आपल्याला माहीत असायला हवं. आमच्याकडे चारही महिने शेजारचे दर ४७ ते ४९ मध्येच राहिले.

बिलांची संख्या वेगळी का लिहायची, ते पुढं नफ्याच्या हिशोबात कळेल. किलो घटण्याचे दोन मार्ग असतात: घर तुटतं किंवा घर तेच राहून कमी नेतं. दोन्हींची किंमत फार वेगळी आहे.

मग आकडे काय आले?

| महिना | पेठ: दर | पेठ: किलो | जुळे सोलापूर: दर | जुळे सोलापूर: किलो | भागाकार |
|---|---|---|---|---|---|
| जून | ४८ | १५३६ | ४८ | ११०६ | १.३८९ |
| जुलै | ५२ | १३८२ | ४८ | ११२४ | १.२३० |
| ऑगस्ट | ४८ | १५०४ | ५२ | १०७७ | १.३९६ |
| सप्टेंबर | ४८ | १४८४ | ४८ | १११२ | १.३३५ |

जुलैचं वाचन सोपं आहे. भागाकार १.३८९ वरून १.२३० वर आला, म्हणजे पेठेचा खप जितका असायला हवा होता त्याहून साडेअकरा टक्के कमी झाला. नुसती पेठेची वही बघितली असती तर घट दहा टक्के दिसली असती. जुळे सोलापूर त्या महिन्यात जरा वर होतं, म्हणजे मुळात महिना बरा होता. तेवढं दुसऱ्या दुकानानं पकडून दिलं.

लवचिकता म्हणजे काय, आणि ती कशी काढायची?

दर एक टक्का वाढला तर खप किती टक्के हलतो, तो आकडा म्हणजे मागणीची लवचिकता. टक्केवारीत एक गोची आहे: ४८ वरून ५२ म्हणजे ८.३ टक्के वाढ, पण ५२ वरून ४८ म्हणजे ७.७ टक्के घट. जाताना एक, येताना दुसरं. लॉगॅरिदम वापरला की दोन्ही बाजूंनी आकडा तोच येतो. संगणकातल्या तक्त्यात एका खान्यात एवढं लिहा:

```
=LN((1382/1124)/(1536/1106))/LN(52/48)
```

उत्तर उणे १.५२. म्हणजे पेठेत दर एक टक्का वाढला की खप दीड टक्का पडतो. उणे चिन्ह घाबरवण्यासाठी नाही. दर वर गेला की खप खाली जातो, एवढंच ते सांगतं.

तीन महिने पुरले नसते का? सप्टेंबर कशासाठी?

मलाही सप्टेंबर वाया वाटत होता. तो केला नसता तर जुळे सोलापूरबद्दल ठार चुकीचं ठरवून बसलो असतो.

ऑगस्टचा भागाकार बघा: १.३९६. जूनचा १.३८९. जूनशी तुलना केली तर जुळे सोलापुरात चार रुपये वाढवूनही खप जवळजवळ जागचा हलला नाही. लवचिकता उणे ०.०७ येते. माझा भाऊ त्याच रात्री म्हणाला, "तिकडं पंचावन्न लावू, कुणी बघत नाही." मलाही पटलं होतं.

पण सप्टेंबरमध्ये दोन्हीकडे ४८ असताना भागाकार १.३८९ वर परत यायला हवा होता. तो आला १.३३५ वर. म्हणजे जुलैत पेठेतून गेलेल्या काही घरांनी दर खाली आल्यावरही तोंड दाखवलं नाही. ऑगस्टमध्ये पेठेचा खप आतून पोखरलेला होता आणि त्याच महिन्यात जुळे सोलापूरचा दरामुळे पडलेला. दोन्ही बाजू एकदम खाली गेल्या, म्हणून भागाकार जूनसारखा दिसला. दोन घटींनी एकमेकींना झाकलं.

म्हणून ऑगस्टची तुलना सप्टेंबरशी करायची:

```
=LN((1077/1504)/(1112/1484))/LN(52/48)
```

आता उत्तर उणे ०.५७. खप साडेचार टक्क्यांच्या आसपास पडला होता. पेठेपेक्षा खूप कमी, पण शून्य नाही.

सप्टेंबरच्या चार भागांचे भागाकार ओळीनं १.३२२, १.३२६, १.३४३, १.३४९ असे आहेत. चढता क्रम दिसतो. रुसलेली घरं हळूहळू परतत असावीत. मग ऑगस्टमध्ये ती सप्टेंबरपेक्षाही कमी परतलेली असणार आणि जुळे सोलापूरची खरी घट साडेचारच्या थोडी वरच असणार. दर वाढवण्याचा परिणाम एका दिवसात दिसतो, पण दर उतरवण्याचा परिणाम महिने घेतो. ज्या दुकानानं आधी दर वाढवला, त्याचा मागचा ठसा पुढच्या टप्प्यात उतरतो, आणि शेवटी दोन्हीकडे मूळ दराचा एक महिना असल्याशिवाय तो ठसा दिसतच नाही.

हा फरक खरा आहे की योगायोग?

यासाठी जून आहे. जूनमध्ये काहीच बदललेलं नव्हतं, तरी चार भागांचे भागाकार १.३७३, १.४०६, १.३८४, १.३९३ असे हलले. आपोआप होणारी ही हालचाल वरपासून खालपर्यंत अडीच टक्क्यांच्या आत आहे. जुलैचे चारही भाग १.२१६ ते १.२४७ मध्ये. जूनचा सगळ्यात खालचा आकडा जुलैच्या सगळ्यात वरच्या आकड्याहून बराच वर. इथं वाद नाही.

जुळे सोलापूरचं एवढं छातीठोक सांगता येत नाही. ऑगस्टचे भाग १.३८६ ते १.४०६, सप्टेंबरचे १.३२२ ते १.३४९. एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून घट झाली हे मी मानतो. पण ती चार टक्के की सहा, हे या आकड्यांतून सांगता येणार नाही.

इथं एक चूक शिकलेली मुलंसुद्धा करतात. "दीडशे-दोनशे बिलं आहेत म्हणजे भरपूर नमुना" असं म्हणतात. बिलं भरपूर आहेत, पण दुकानं दोनच आहेत. पेठेच्या रस्त्याचं काम निघालं असतं तर दीडशेच्या दीडशे बिलांवर एकदमच परिणाम झाला असता. मोजायला आपल्याकडे महिन्याचे चार भाग आहेत, बिलं नाहीत. म्हणून एक रुपयाच्या फरकाची चाचणी या पद्धतीनं करू नका. त्याचा परिणाम आपोआप होणाऱ्या हालचालीतच बुडून जाईल.

फायदा झाला का तोटा?

नुसत्या ज्वारीचा हिशोब केला तर पेठेतही फायदाच दिसतो. जुलैत दर ४८ च असता तर जूनच्या प्रमाणानं १५६१ किलो गेली असती. किलोमागे ५ रुपये सुटतात, म्हणजे ७,८०५ रुपये. प्रत्यक्षात १३८२ किलो गेली, पण किलोमागे ९ रुपये सुटले: १२,४३८. महिन्याला ४,६३३ रुपये जास्त. धान्यात मुळात सुटतंच इतकं कमी की चार रुपयांनी सुटणारी रक्कम दुपटीला जाते. तिथं खप पार ४४ टक्के पडेपर्यंत ज्वारीत तोटा दिसत नाही.

आता बिलांची वही काढा. पेठेत जूनमध्ये ज्वारीची १६४ बिलं होती, जुलैत १४६. बिलामागचे किलो मात्र तेच, नऊ-साडेनऊ. म्हणजे कुणी कमी नेली नाही. अठरा घरं आलीच नाहीत. आणि ज्वारीला न आलेलं घर साखर, तेल, चहा, साबणालाही येत नाही. आमच्या पेठेतल्या घराचा ज्वारी सोडून महिन्याचा किराणा साधारण अडीच हजारांचा, त्यात सरासरी दहा टक्के सुटतात. घरामागे २५० रुपये, अठरा घरांचे ४,५००. ज्वारीत कमावलेले ४,६३३ या मार्गानं गेले. हातात राहिले १३३ रुपये, आणि सप्टेंबरपर्यंत न परतलेल्या घरांचा तोटा वेगळा.

जुळे सोलापुरात चित्र निराळं. तिथं ज्वारीची बिलं जुलैत २१३, ऑगस्टमध्ये २११, सप्टेंबरमध्ये २१४. घरं तुटली नाहीत. बिलामागचे किलो ५.२ चे ५.१ झाले, आणि त्याच महिन्यात गव्हाचा खप किंचित वर गेला. लोकांनी एखादी भाकरी कमी केली आणि बाकीचा किराणा आमच्याकडूनच नेला. तिथला चार हजारांचा फायदा खराच फायदा आहे.

पेठेतलं गिऱ्हाईक इतकं का भडकलं?

तीन घरं सोडून दुसरं दुकान आहे, हे तर आहेच. पण मला वाटतं खरी गोष्ट पाचशेच्या नोटेची आहे. पेठेत माणसं दहा किलो घेतात. ४८ च्या दरानं ४८० होतात. पाचशेची नोट द्यायची, वीस परत घ्यायचे, कोथिंबीर-मिरची आणायची. ५२ च्या दरानं ५२० झाले की नोट पुरत नाही, पुन्हा पदराची गाठ सोडावी लागते. जुलैच्या दोन तारखेला एक अक्का फळीवर म्हणाल्या, "शेट, मागच्या महिन्यात नोटेत बसत होतं की!" त्यांनी किलोचा दर विचारलाही नव्हता.

जुळे सोलापुरात पाच किलोची पिशवी जाते. २४० चे २६० होतात, आणि पैसे बहुतेक मोबाईलवरून येतात. तिथं नोटेची अडचण नाही.

यातून एक मर्यादाही लक्षात घ्या. उणे १.५२ हा आकडा ४८ ते ५२ या पायरीचा आहे. त्यात पन्नाशी ओलांडण्याचा धक्का आलेला आहे. ४४ वरून ४८ ला तोच आकडा लावला तर चुकेल. हंगामाचंही तसंच: पावसाळ्यात किलोनं घेणारं घर वेगळं, मार्चमध्ये पोती भरणारं वेगळं.

चाचणी करताना काय बिघडलं?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेठेतल्या ज्वारीचे रुपये भागिले किलो केलं तर ५२ ऐवजी ५१ रुपये ४० पैसे आले. आमचा जुना काटेवाला ओळखीच्या बायकांना "असू दे, पन्नासनं घ्या" म्हणत होता. त्याची चूक नाही. वीस वर्षं तो तसंच गिऱ्हाईक सांभाळत आलाय. पण त्यामुळे दर नेमका किती वाढला तेच हातात राहिना. त्याला बसवून सगळं समजावलं, तेव्हा "आधी सांगायचं की मालक" म्हणाला. बरोबरच होतं. माणसांना आधी सांगा. आणि म्हणूनच रुपयांची नोंद हवी, नुसत्या किलोंनी हे सापडलं नसतं.

दुसरं, ऑगस्टमध्ये एका रविवारी संध्याकाळी जुळे सोलापुरात ज्वारी संपली. पेठेतून रिक्षानं दोन पोती तासाभरात नेली म्हणून निभावलं. अख्खा दिवस माल नसता तर तो दिवस दोन्ही दुकानांच्या वहीतून काढावा लागला असता. एकाच्याच वहीतून काढला तर भागाकार बिघडतो.

दोन दुकानांत दोन दर म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक नाही का?

एका दुकानात त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला एकच दर, आणि तो पाटीवर ठळक. तोंड बघून दर लावला तर ती फसवणूक, आणि चाचणीही निकामी. जुलैत दोघा-तिघांनी विचारलं की तिकडं कमी आहे म्हणे. मी सांगितलं, हो, या महिन्यात आहे. ज्यानं विचारलं त्याला त्या दरानं दिली आणि ते बिल वेगळं लिहिलं.

उधारीचं गिऱ्हाईक मात्र वेगळं मोजा. खात्यावर नेणारा दर बघत नाही. आणि बघितला तरी जुनी बाकी असताना दुकान सोडणं त्याला जड जातं. त्याला धरून मोजलं तर दुकान आहे त्याहून कमी हळवं दिसतं. आमच्या वरच्या आकड्यांत उधारीची विक्री धरलेली नाही.

तूरडाळीवर हेच चालेल का?

डाळीचा घाऊक दर चार महिने जागेवर राहत नाही आणि एवढा साठा करायला माझी तरी छाती नाही. टप्पे पंधरवड्याचे करावे लागतील, आणि मग महिन्याचा किराणा एकाच टप्प्यात पडतो. मी करणार नाही. पोहे किंवा शेंगदाणे करून बघण्यासारखे आहेत.

शेवटी दर काय ठेवला?

पेठेत ४८. जुळे सोलापुरात ऑक्टोबरपासून ५१. एकदम ५२ नाही, कारण एक महिन्यात न तुटलेलं घर सहा महिन्यांत तुटणार नाही असं ऑगस्टनं सिद्ध केलेलं नाही. तिथल्या बिलांची संख्या दर महिन्याला बघतो. सलग दोन महिने २०० च्या खाली गेली तर पाटी पुसायची असं ठरलंय. पेठेत पुढच्या जूनमध्ये ५० लावून बघणार आहे. दहा किलोचे बरोबर पाचशे होतात.